कथा: चौसष्ट टक्के (आणि दोन प्रश्न)

कृष्णाकाठ

मंडळी, एका दिवाळी अंकाला पाठवायची कथा इथे आधी वाचायला देते आहे. माणसं काल्पनिक आहेत, पण मी स्वतः नऊ वर्षं घरून इंग्रजी लेख लिहून देण्याचं काम करते, त्यामुळे त्यातलं काम माझ्या ओळखीचं आहे. प्रश्न शेवटी विचारते.

वसुधा मिरजेत राहायची आणि पुण्यातल्या एका लेखनसंस्थेसाठी इंग्रजी लेख लिहायची. संस्था ते लेख पंप बनवणाऱ्या एका कंपनीला पुरवायची. २०१८ पासून महिन्याला आठ लेख, प्रत्येकी बाराशे शब्द, शब्दाला दीड रुपया. चौदा हजार चारशे. घरभाडं आणि सासऱ्यांची औषधं त्यातून भागायची.

सुरुवातीला संपादक धनंजय सरांनी तिला एक नियमावली पाठवली होती. वाक्य वीस शब्दांच्या आत. दोनशे शब्दांनंतर उपशीर्षक. उपशीर्षकात प्रश्न असेल तर पहिल्याच वाक्यात उत्तर. 'मी' नको, गावाचं नाव नको, गोष्ट नको. पहिले सहा महिने तिचे लेख लाल होऊन परत यायचे. मग हळूहळू लाल कमी झालं. २०२० साली सरांनी एका नव्या लेखकाला तिचा लेख नमुना म्हणून पाठवला आणि तिला फोन करून तसं सांगितलं. त्या दिवशी तिने घरी श्रीखंड आणलं.

ती आधी कागदावर लिहायची. सासऱ्यांच्या जुन्या ऑफिसातले पाठकोरे कागद होते, त्यांवर पेन्सिलने. खाडाखोड तिथेच व्हायची. मग संध्याकाळी एका बैठकीत संगणकावर उतरवून काढायचं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पाणबुडी पंप का जळतो यावर लेख होता. ती स्टँडमागच्या रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन दोन तास बसली. मिस्त्रींनी जळलेली मोटर उघडून दाखवली. विहिरीतलं पाणी खाली गेलं की पंप कोरडा फिरतो, आणि ज्या पाण्याने तो थंड राहायचा तेच नाही म्हटल्यावर आधी थ्रस्ट बेअरिंग जातं, मग वाइंडिंग. "आवाज बदलतो हो आधी," मिस्त्री म्हणाले, "पण रात्री दोनला लाइट येते, ऐकायला कोण असतं?" हे वाक्य तिने कागदावर लिहून घेतलं. लेखात मात्र घेतलं नाही. नियमावलीत बसत नव्हतं.

मंगळवारी ईमेल आला. एकच ओळ आणि एक चित्र. लेख माणसाने लिहिलाय की एआयच्या यंत्राने, हे तपासणाऱ्या साधनाचं. चित्रात तिचा लेख पिवळा झाला होता आणि वर आकडा होता, ६४.

तिने फोन केला. सर म्हणाले, दस्तऐवजाचा इतिहास पाठव. तिने पाठवला. त्यात काय दिसणार? बाराशे शब्द, पन्नास मिनिटांत, वरपासून खालपर्यंत सलग, तीन स्पेलिंगच्या दुरुस्त्या. "असं कोणी लिहितं का, वसुधा?" तिने पाठकोऱ्या कागदांचे फोटो पाठवले. तासाभराने उत्तर आलं, की कागद नंतरही तयार करता येतात.

रात्री तिने २०१९ चा तिचा एक छापून आलेला लेख त्याच साधनात टाकला. तेव्हा असं लिहिणारं यंत्र कुणाच्या हातात नव्हतं. आकडा आला ७१. तिने तोही पाठवला.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. आवाज खाली होता. "मला पटलंय गं. पण कंपनीच्या नव्या करारात कलम आहे. वीसच्या वर आला तर पैसे नाहीत. तू थोडं इकडंतिकडं कर ना, खाली येईपर्यंत."

ती बसली. वाक्यं लांबवली, शब्द बदलले, क्रम फिरवला. ५२. ३७. २६. शेवटी १८. मग तिने लेख एकदा मोठ्याने वाचला. 'पंप उघडण्याआधी स्टार्टरचा मेन बंद करा' असं एक वाक्य होतं. आता तिथे साडेतीन ओळी होत्या, आणि मेन बंद करायची गोष्ट पंप उघडण्याच्या नंतर येत होती. तिने ते वाक्य पूर्वीसारखं केलं. मग त्याच्या आगेमागेची चार वाक्यं. आकडा ४१ झाला.

तिने पहिलाच लेख पुन्हा पाठवून दिला. खाली लिहिलं, 'हा माझा लेख आहे.'

सरांचं उत्तर आलं नाही. एक तारखेला तिने नेहमीप्रमाणे कामाचा तक्ता उघडला. आठ विषय होते. लेखकाच्या रकान्यात आठही ठिकाणी दुसरं नाव होतं.

माझे प्रश्न: तांत्रिक बाजूने काही चुकलंय का? आणि वसुधाने शेवटी मूळ लेख पाठवला, हे पटतं की हट्ट वाटतो?

---

निशिगंध

ते श्रीखंड लक्षात राहील. शेवट पटला.

---

टंकलेखक

कथा आवडली, पण दस्तऐवजाचा इतिहास हा मला भक्कम पुरावा वाटतो. तिने सरळ संगणकावर लिहिलं असतं तर वादच नव्हता. आणि ही सगळी साधनं निव्वळ थोतांड आहेत. खुद्द चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतःचं साधन काढलं आणि बंद केलं, यातच काय ते आलं.

---

अक्षांश

मी भाषेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

टंकलेखक, ओपनएआयचं खरं आहे. जानेवारी २०२३ मध्ये आणलं, जुलैत काढून घेतलं. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्यातलं फक्त २६ टक्के त्याने ओळखलं आणि माणसांनी लिहिलेल्यातलं ९ टक्के चुकून यंत्राचं ठरवलं. पण त्यावरून सगळी थोतांड म्हणता येणार नाही. नंतरची काही साधनं सामान्य, लांब इंग्रजी मजकुरावर बरीच कमी चुकतात. ती चूक कुणाच्या वाट्याला येते, हा खरा प्रश्न आहे.

यातली काही साधनं मुख्यतः हे पाहतात की पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, आणि वाक्यांची लांबी किती वरखाली होते. ओळखीचे शब्द, सारख्या लांबीची वाक्यं, ठरलेला क्रम, की संशय वाढतो. आता धनंजय सरांची नियमावली वाचा. वीस शब्दांच्या आत वाक्य, प्रश्नाखाली लगेच उत्तर, गोष्ट नको. सहा वर्षं घासून त्यांनी वसुधाला नेमकं तेच शिकवलं, जे साधनाला खटकतं. मला ही कथेतली सर्वांत खरी जागा वाटली.

त्यात इंग्रजी ही तिची शिकलेली भाषा. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधनांना ९१ टोफेल निबंध दिले होते, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले.

आता हिशेब. समजा संस्थेकडे महिन्याला २०० लेख येतात आणि त्यातले २० खरंच यंत्राचे आहेत. साधन चांगलं आहे, २० पैकी १६ पकडतं, आणि माणसांच्या लेखांत फक्त २ टक्के चुकतं. १८० चे २ टक्के म्हणजे तीन-चार. म्हणजे लाल झालेल्या वीसेक लेखांत पाचातला एक निर्दोष. इथपर्यंत बरेच जण येतात. पण ही चूक फाशासारखी पडत नाही, की या महिन्यात याच्यावर, पुढच्या महिन्यात त्याच्यावर. लिहिण्याची ढब बदलत नाही, म्हणून ते तीन-चार लेख दर महिन्याला बहुधा त्याच एकदोन माणसांचे असतात. संपादकाला वाटतं, बाकी बहुतेकांचं कधी येत नाही, हिचंच कसं येतं?

आणि कृष्णाकाठ, ६४ म्हणजे लेखातला ६४ टक्के भाग यंत्राचा असं नसतं. काही साधनांत तो खात्रीचा आकडा असतो, काहींत किती वाक्यं संशयित आहेत त्याचा. धनंजयना हे माहीत नसणं स्वाभाविक आहे, कथेत तसंच राहू दे.

एक खोट मात्र सांगतो. २०१९ चा छापून आलेला लेख हा कच्चा पुरावा आहे. जो मजकूर वर्षानुवर्षं नेटवर पडून आहे तो भाषेच्या यंत्रांनी शिकताना वाचलेला असू शकतो, आणि वाचलेला मजकूर त्यांना साहजिकच ओळखीचा वाटतो. अमेरिकेची राज्यघटना काही साधनांनी यंत्राची ठरवली होती, त्यामागे हेच कारण सांगितलं जातं. तेव्हा ७१ आकडा तिच्या शैलीमुळे आला की लेख नेटवर असल्यामुळे, हे कळत नाही. कधीच न छापलेला जुना लेख हवा, आणि एक नाही, आठदहा हवेत.

---

टंकलेखक

अक्षांश, फाशाचा मुद्दा मी कधी असा पाहिला नव्हता. इतिहासाबद्दल मात्र मी अजून तेच म्हणेन.

---

अक्षांश

इतिहास उपयोगी आहेच, पण दोन्हीकडून फसवतो. शेजारच्या पडद्यावर यंत्राचा मजकूर ठेवून हाताने टाइप करणाऱ्याचा इतिहास, मध्येमध्ये थांबे आणि खाडाखोड असली, तर अगदी खरा दिसतो. आणि वसुधासारख्या कागदावर लिहिणाऱ्याचा खोटा दिसतो.

---

कोपरगावची_सुमन

माझ्या मुलीच्या प्रबंधाला ३४ टक्के आले होते. गाइड म्हणाले दहाच्या खाली आणा. आम्ही संदर्भयादी आणि अवतरणं वगळून पुन्हा तपासलं तर ७ वर आलं. वसुधानेही तसं केलं असतं तर काम वाचलं असतं.

---

हिशेबनीस

सुमनताई, ती चोरीची तपासणी, दुसऱ्याच्या लेखनाशी किती जुळतं त्याची. तिथे साधन दाखवतं की हा परिच्छेद अमुक ठिकाणाहून आला. तुम्ही जाऊन बघू शकता, म्हणू शकता की हे अवतरण आहे. इथे मूळ मजकूर असा काही नसतोच. वसुधाला समोर ठेवायला काही मिळत नाही, फक्त आकडा मिळतो.

---

कोपरगावची_सुमन

असं होय. मग हे फारच वाईट. कुठे चुकलं तेच सांगत नाहीत आणि सुधारा म्हणतात.

---

कात्री

मी धनंजयच्या खुर्चीत बसतो, म्हणून त्याची बाजू मांडतो. कथेत तो थोडा दुबळा दिसतो. पण २०२३ मध्ये माझ्याकडे काय आलं ते सांगतो. शेतीच्या अनुदानावरचा एक लेख, वाचायला गुळगुळीत. त्यातली एक योजना अस्तित्वातच नव्हती. मला कळलं नाही, लेख गेला. एका शेतकऱ्याने ग्राहक कंपनीला फोन करून अर्ज कुठे मिळेल विचारलं. ते काम आमच्या हातून गेलं. त्यानंतर मीही साधन विकत घेतलं आणि वर्षभर आकड्यांवर माणसं काढली. तीन. त्यातल्या एकीबद्दल मला आज खात्रीने वाटतं की मी चुकलो. तिला पत्र लिहिलं, तिने उत्तर दिलं नाही.

आता मी लेखकाला फोन करतो. पंधरा मिनिटं. लेखातला एखादा मुद्दा काढायचा आणि विचारायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ज्याने खरंच काम केलंय तो थांबत नाही. वसुधाने मिस्त्रींचं दुकान, उघडलेली मोटर, रात्री दोनची लाइट, सगळं सांगितलं असतं. धनंजयने इतिहास मागितला, फोटो नाकारले, पण हा एक प्रश्न विचारला नाही. तिनेही आपणहून सांगितलं नाही, कारण सहा वर्षं 'गोष्ट नको' हेच तिने ऐकलं होतं.

यालाही मर्यादा आहे. तीस लेखक असतील तर रोज फोन होत नाहीत. आणि बुजऱ्या माणसाची यात पुन्हा पंचाईत होते.

---

मुक्ता_बडोदा

मला शेवट पटला नाही. चौदा हजार जाताहेत, सासऱ्यांची औषधं आहेत. १८ आला होता ना? ते एक वाक्य नीट करून २० च्या आत बसेपर्यंत आणखी दोन तास घालवायचे. आमच्याकडे दुकानात गिऱ्हाईक म्हणेल तसं बिल पुन्हा लिहून देतो, त्यात आपलं काही जात नाही. 'हा माझा लेख आहे' हे वाक्य वाचायला छान आहे, पण ते कथालेखिकेचं वाटतं, मिरजेतल्या भाडं भरणाऱ्या बाईचं वाटत नाही.

---

निशिगंध

मुक्ताताई, पण पुढच्या लेखाला पुन्हा तेच. महिन्याला आठ वेळा.

---

मुक्ता_बडोदा

आठ गुणिले दोन तास, सोळा तास. चौदा हजारांसाठी मी बसले असते. मनापासून सांगते आहे.

---

दर्यावर्दी

रत्नागिरीहून. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतो. माझ्यावर गेल्या वर्षी हेच आलं, तेही एका औषधाच्या माहितीपत्रकावर. तिथे तर वाक्यं ठरलेलीच असतात. 'जेवणानंतर घ्या' याला मी वेगळं काय लिहिणार? त्यांनी आकडा दाखवला आणि आधी पोचवलेल्या दोन कामांचेही पैसे अडकवले. कथेत तिच्या थकलेल्या बिलांचं काय झालं ते येत नाही. आमच्यासारख्यांना पहिला प्रश्न तोच पडतो.

---

हिशेबनीस

दर्यावर्दी, तुमची उद्यम नोंदणी आहे का? २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योग कायद्याखाली सेवा देणारा एकटा माणूसही येतो. काम पोचल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. दाद सुविधा परिषदेकडे मागायची. तुमच्या बाबतीत महत्त्वाचं हे, की कामाबद्दल तक्रार असेल तर घेणाऱ्याने पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी द्यायची असते. आधीच्या दोन कामांवर तशी काही लेखी तक्रार आली होती का?

---

दर्यावर्दी

नाही. ती दोन्ही कामं त्यांनी वापरली, छापलीसुद्धा. पण नोंदणी मी या भांडणानंतर केली.

---

हिशेबनीस

मग अवघड आहे. नोंदणी कामाच्या आधीची नसेल तर दावा अडू शकतो. कराराचा नेहमीचा दावा करता येतो, पण रक्कम किती आणि वकील किती घेईल ते पाहा. पुढच्या कामांसाठी तरी नोंदणी झाली हे चांगलं. आणि नवा करार करताना एवढं एक वाक्य घालून घ्या, की कुठल्याही साधनाचा आकडा हा एकटा नाकारण्याचं कारण होणार नाही. सगळे मान्य करतील असं नाही, माझ्या ओळखीच्या तिघांपैकी एकाने केलं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. रात्री तीनदा वाचलं.

अक्षांश, २०१९ च्या लेखाचं मी बदलते. तिच्याकडे सरांनी तेव्हा नाकारलेले, कधीच न छापलेले लेख असतील, सुरुवातीच्या सहा महिन्यांतले. ती ते काढेल. आणि लिहिता लिहिता सुचलं, की ते नियमावली अंगवळणी पडण्याआधीचे लेख आहेत, म्हणजे त्यांत मिस्त्री असतील, गावांची नावं असतील. त्यांचा आकडा कमी येईल. मग तिच्या हातात पुरावा राहणारच नाही, उलट तिच्याविरुद्ध जाईल: बघ, तेव्हा तू स्वतः लिहायचीस. हे जास्त दुखतं आणि जास्त खरं आहे. असंच करते.

कात्री, तुमच्या तिघांपैकी एकीची गोष्ट वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. धनंजय सरांना मी थोडं अजून जवळून लिहीन.

मुक्ताताई, तुमच्या बोलण्याने मी हलले आहे, पण शेवट ठेवते. तिने खरंच सोळा तास दिले असते. तिला ते वाक्य बिघडवता आलं नाही, एवढंच. हे वाचकाला आधी कळायला हवं आणि ते मी नीट लिहिलेलं नाही, हे मान्य.

---

मुक्ता_बडोदा

मग त्या वाक्यात जीव आणा. आत्ता ते सूचनापत्रकातलं वाक्य आहे. त्यासाठी चौदा हजार सोडावेत असं मला वाटत नाही.

---

बोअरवाला

मी लेखक नाही, पलूसकडे पंप काढायचं-बसवायचं काम करतो. बायकोने हे वाचून दाखवलं. बेअरिंगचं बरोबर लिहिलंय. पण ते मेनचं वाक्य अर्धंच आहे. आमच्याकडे बहुतेकांनी स्टार्टरला ऑटो लावलेलं असतं, लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून. लाइट रात्रीची, कधी येईल नेम नाही. नुसता मेन पाडला आणि तुम्ही विहिरीवर गेलात, तर घरातला कुणीतरी पाणी का येत नाही म्हणून येऊन मेन वर करतो. म्हणून आम्ही फ्यूजचं कटआउट काढून खिशात ठेवतो. काम होईपर्यंत खिशातच. माझ्या चुलतभावाने ठेवलं नव्हतं.

मिस्त्री हे बोलल्याशिवाय राहणार नाही. तुमच्या बाईला त्याने सांगितलं असणार.

---

कृष्णाकाठ

दादा, सांगितलं असणार. मी ते त्यांच्या तोंडी घालते, तुमच्याच शब्दांत, चालेल का? आणि वसुधाने ते लेखात घेतलेलं असेल, नियमावलीत बसवून: 'मेन बंद करा, कटआउट काढा आणि काम होईपर्यंत स्वतःजवळ ठेवा.' साधन नेमकं तेच वाक्य पिवळं करेल.

---

बोअरवाला

चालेल. पण 'स्वतःजवळ' नको. खिशात म्हणा. जवळ म्हटलं की लोक कट्ट्यावर ठेवतात.